अध्ययन रजेचे वर्ष : अर्जापासून रुजू होण्यापर्यंत

घरातील कोणी महाविद्यालयात अध्यापक असेल आणि त्याने अगर तिने पीएच.डी.करिता नाव नोंदविले असेल, तर 'एक वर्ष रजा मिळाली की प्रबंध झालाच म्हणून समजा' हे वाक्य त्या घरात केव्हा ना केव्हा ऐकू येतेच. पुढे रजा मिळते, वर्षही निघून जाते आणि पुष्कळदा प्रबंध मात्र अर्ध्यावरच राहतो. याचे खापर आळसावर फोडणे सोपे आहे. परंतु बारकाईने पाहिले असता असे दिसते की, हे वर्ष बहुधा रजेच्या आधीच्या आठ महिन्यांतच बिघडलेले असते. अर्ज उशिरा गेलेला असतो, अर्जात न पेलणारे वचन दिलेले असते आणि मागे ठेवलेले काम कोणाच्याच हाती नीट सोपविलेले नसते. म्हणून प्रस्तुत लेखात रजेची आखणी जूनपासून न करता त्याच्या आधीच्या ऑक्टोबरपासून करावयाचे योजिले आहे.

उदाहरणादाखल एक अध्यापिका घेऊ. सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात त्या इतिहास शिकवितात. त्यांचा विषय पुणे प्रांतातील एका तरफेत दुष्काळाच्या साली सारावसुलीत दिलेली सूट हा आहे आणि त्याची साधने पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात, मोडी कागदांच्या रुमालांत बांधलेली आहेत. घरी सासूसासरे, जाऊ, दीर व मुले असा परिवार आहे. महाविद्यालयाची उन्हाळी सुट्टी १४ जून रोजी संपते असे धरू. ज्यांच्या विद्यापीठाची तारीख निराळी असेल, त्यांनी पुढील सर्व तारखा तितक्याच मागेपुढे कराव्या.

नियम आणि त्यातील गोम

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ सालच्या नियमावलीत अध्ययन रजेचे कलम आहे. निदान तीन वर्षे सलग सेवा झालेल्या सहायक प्राध्यापकास ती मागता येते. मात्र अभ्यासाचा विषय त्याच्या अध्यापनाशी प्रत्यक्ष संबंध असलेला पाहिजे. रजेच्या काळात वेतन मिळते आणि त्याच्या बदल्यात, परत आल्यावर निदान तीन वर्षे तेथेच सेवा करीन असे बंधपत्र द्यावे लागते. राज्य शासन, विद्यापीठ आणि संस्था यांचे पोटनियम यात भर घालू शकतात. म्हणून अर्ज करतेवेळी अंमलात असलेल्या नियमांची प्रत कार्यालयातून मागून घ्यावी आणि ज्या कलमाखाली रजा मागावयाची, त्याचा क्रमांक अर्जातच घालावा.

या कलमात दोन गोष्टी अशा आहेत की, त्यांवर सारी आखणी अवलंबून राहते. पहिली गोष्ट सोयीची आहे. सुट्टीला जोडून अध्ययन रजा घेतली, तर रजेची गणना सुट्टी संपल्यावर सुरू होते. म्हणजे १५ जूनपासून वर्षभर रजा घेणाऱ्यास मे महिन्यापासूनचे सुमारे सहा आठवडे अधिक मिळतात. डिसेंबरात रजा सुरू करणाऱ्यास हा लाभ नाही. शिवाय त्याच्या मागे अर्धवट शिकविलेले वर्ग राहतात.

दुसरी गोष्ट जपण्याची आहे. रजेत हाती घेतलेला अभ्यास मुदतीत पुरा झाला नाही, रजेनंतर रुजू झाले नाही किंवा रुजू होऊन तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली, तर रजेतील वेतन परत करण्याची जबाबदारी येते. यांपैकी पहिल्या कारणाकडे कोणी लक्ष देत नाही. अर्जात 'रजेचा हेतू' या मथळ्याखाली बहुतेक जण 'पीएच.डी. पूर्ण करणे' एवढेच लिहून मोकळे होतात. पण पदवी ही आपल्या हातची गोष्ट नव्हे. प्रबंध दाखल झाल्यावर तो बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, त्यांचे अभिप्राय येतात, मग मौखिक परीक्षा होते. आयोगाच्या २०२२ सालच्या पीएच.डी. नियमांनी या सर्वांस सहा महिन्यांची मर्यादा घातली आहे. म्हणजे रजेच्या शेवटच्या दिवशी प्रबंध दाखल केला, तरी पदवी रजेच्या मुदतीत मिळणार नाही हे उघड आहे.

तेव्हा हेतू असा लिहावा की, तो आपल्या श्रमाने साध्य होईल व कागदोपत्री दाखविता येईल. आपल्या उदाहरणातील बाईंनी तो असा लिहावा : 'पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे लिप्यंतर पूर्ण करणे आणि प्रबंधाच्या सर्व प्रकरणांचा मसुदा मार्गदर्शकांस सादर करणे.' संस्थेने आग्रह धरलाच, तर 'प्रबंध विद्यापीठास सादर करणे' इथपर्यंत जावे. त्यापुढे जाऊ नये. मंजूर झालेला विषय परवानगीवाचून फारसा बदलता येत नाही. यास्तव हेतूचे हे दोन-तीन वाक्यांचे लेखन मार्गदर्शकांसमोर बसूनच करावे.

ऑक्टोबर व नोव्हेंबर : कामाचे मोजमाप

अर्जाला हेतू पाहिजे आणि हेतूला अंदाज पाहिजे. तो घरबसल्या करता येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत, दफ्तर उघडे असेल असे तीन दिवस गाठून, बाईंनी तेथे प्रत्यक्ष काम करून पाहावे. सोबत मार्गदर्शकांचे पत्र व ओळखपत्र असावे. या तीन दिवसांत संशोधन करावयाचे नसून स्वतःचा वेग मोजावयाचा आहे : एका दिवसात किती कागद नुसते चाळून होतात आणि किती कागदांचे पुरे लिप्यंतर होते, एवढे दोन आकडे घेऊन परतावे.

समजा, दिवसाकाठी ६० कागद चाळून झाले आणि लिप्यंतर ८ कागदांचे झाले. विषयाची मर्यादा १७९० ते १८०४ अशी धरली, तर सूचीवरून ४० रुमाल पाहावे लागतात आणि एका रुमालात सरासरी १०० कागद निघतात असे आढळले. म्हणजे चार हजार कागद झाले. ते चाळण्यासच ६७ दिवस लागतील. आता हाताशी दिवस किती ते पाहू. १५ जून ते ३० नोव्हेंबर हे २४ आठवडे होतात. आठवड्यातून चार दिवस दफ्तरात जावयाचे ठरविले, तर ९६ दिवस; त्यांतून गणपती, दसरा, दिवाळी, इतर सुट्ट्या व आजारपण यांचे १६ वजा केले की राहिले ८०. त्यांपैकी ६७ चाळण्यातच गेले, तर लिप्यंतरास अवघे १३ दिवस आणि शंभराच्या आसपास कागद हाती लागणार. एवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही.

हा हिशेब रजेपूर्वी केला की, विषय वेळीच आवरता येतो. या पंधरा वर्षांच्या दोन्ही टोकांस दोन मोठे दुष्काळ आहेत : १७९१-९२ चा आणि १८०३-०४ चा. मधली वर्षे सोडून १७९० ते १७९३ व १८०२ ते १८०४ एवढीच घेतली, तर रुमाल १६ वर येतात, कागद १,६०० होतात आणि ते २७ दिवसांत चाळून होतात. उरलेल्या ५३ दिवसांत सव्वाचारशेच्या घरात कागदांचे लिप्यंतर होते. विषय आटोपशीर झाला आणि दोन दुष्काळांतील सुटीची तुलना करण्याची सोयही झाली. येथील आकडे उदाहरणापुरते आहेत. प्रत्येकाने आपले आपण काढावे. रसायनशास्त्राच्या अध्यापकास कागदांऐवजी प्रयोगांची संख्या धरावी लागेल, इतकाच फरक.

डिसेंबर ते मार्च : अर्ज, मंजुरी, बंधपत्र

अर्ज १५ डिसेंबरपर्यंत कार्यालयात पोहोचला पाहिजे. जूनच्या रजेस एवढी घाई कशाला, असे वाटेल. पण अर्ज विभागप्रमुखांकडून प्राचार्यांकडे, तेथून संस्थेच्या कार्यकारिणीकडे जातो आणि कार्यकारिणीच्या सभा काही दर महिन्यास होत नाहीत. महाविद्यालय अनुदानित असले की, वेतनाचा प्रश्न म्हणून विभागीय सहसंचालकांच्या कार्यालयाशीही पत्रव्यवहार होतो. शिवाय पुढील वर्षाच्या तासांचा भार मार्चच्या सुमारास ठरतो. आपल्या जागी तासिका तत्त्वावर अध्यापक नेमावयाचा असेल, तर त्याची मागणी त्याच वेळी नोंदवावी लागते. ती संधी गेली की विभागप्रमुख रजेस प्रतिकूल होतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

अर्जासोबत पाच कागद असावे : पीएच.डी.च्या नोंदणीचे पत्र, मार्गदर्शकांचे शिफारसपत्र, हेतू व महिनेवार आखणी, आजवरच्या सेवेचा व पूर्वी घेतलेल्या रजांचा तपशील, आणि आपले वर्ग कोणी कसे घ्यावे याविषयी अर्ध्या पानाची सूचना. शेवटचा कागद कोणी मागत नाही, पण सभेत पहिला प्रश्न त्याविषयीच निघतो. अर्ज दिल्यावर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख अवश्य घालून घ्यावी.

जानेवारीच्या अखेरीस अर्ज कोठे आहे याची चौकशी करावी आणि फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत कार्यकारिणीच्या ठरावात तो आला नसेल, तर काही तरी अडले आहे असे समजावे. अशा वेळी प्राचार्यांस लेखी स्मरणपत्र द्यावे. 'काम झालेच आहे, पत्र मागाहून येईल' असे कोणी कितीही आपुलकीने सांगितले, तरी लेखी मंजुरीवाचून रजेवर जाऊ नये. ती विनापरवाना गैरहजेरी ठरण्याचे भय असते. मंजुरी मिळाल्यापासून बारा महिन्यांच्या आत रजा सुरू केली नाही तर ती रद्द समजली जाते, हेही ध्यानात असावे. मंजुरी जुलैत आली, तर पुढील जूनपर्यंत थांबता येते. पण ती तारीख चुकली की पुन्हा मुळापासून अर्ज आला.

मार्चमध्ये मंजुरीपत्र हाती आले की बंधपत्र. त्यास जामीन म्हणून स्थावर मालमत्ता, विमा कंपनीचे हमीपत्र, बँकेची हमी किंवा दोन कायम अध्यापक, यांपैकी काहीही चालते. एकत्र कुटुंबात 'घर आहे ना, ते लावू' असे वडीलधारी मंडळी मोठ्या मनाने म्हणतात. परंतु घर अविभक्त असेल, तर त्यात सर्व हिस्सेदारांचा हक्क असतो आणि एकीच्या रजेपायी सर्वांच्या सह्या घेत बसणे इष्ट नव्हे. दोन सहकारी जामीन राहत असतील, तर तो मार्ग बरा. मात्र त्यांस बंधपत्राची रक्कम किती आहे व ती केव्हा भरावी लागू शकते, हे वाचून दाखवून मगच सही घ्यावी.

एप्रिल : कार्यभार सोपविणे

कार्यभार दोन वेळा सोपवावा. १० एप्रिलला यादी करून ती विभागप्रमुखांस दाखवावी आणि ३० एप्रिलला त्या यादीप्रमाणे प्रत्यक्ष वस्तू व कागद देऊन सही घ्यावी. मधल्या वीस दिवसांत विसरलेल्या गोष्टी आठवतात. एकाच दिवशी सारे उरकले की त्या जुलैत आठवतात आणि मग दफ्तरात बसलेल्या बाईंना फोन येऊ लागतात.

यादीत कपाटाच्या किल्ल्या, ग्रंथालयाची पुस्तके व विभागाच्या संगणकीय खात्याचा पासवर्ड हे तर यावेच. पण खरी अडचण करणाऱ्या बाबी तीन. पहिली, अंतर्गत गुण. चालू सत्राचे गुण भरून झाले म्हणजे संपले असे नाही. अनुत्तीर्ण विद्यार्थी पुढील परीक्षेस पुन्हा बसतात, तेव्हा जुने गुण कोणी काढून द्यावयाचे, हे नावानिशी लिहून ठेवावे आणि सह्या असलेल्या गुणपत्रकांची प्रत विभागात ठेवावी. दुसरी, ज्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प आपल्या देखरेखीखाली आहेत ते. त्या प्रत्येकास नवे मार्गदर्शक कोण, हे त्याच्यादेखत सांगावे. तिसरी, समित्यांच्या फायली. महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचा वार्षिक अहवाल तयार होताना गेल्या वर्षीचे उपक्रम कोणी केले, त्यांची छायाचित्रे व हजेरीपत्रके कोठे आहेत, असा शोध सुरू होतो. ही माहिती फायलीत तारीखवार लावून द्यावी.

यादीच्या शेवटी एक ओळ जरूर असावी : रजेच्या काळात निकडीच्या प्रसंगी कोणत्या वारी व कोणत्या वेळी माझ्याशी बोलता येईल. शुक्रवारी सायंकाळी अर्धा तास, असे ठरवून दिले की सहकारीही प्रश्न साठवून ठेवतात.

मे ते १४ जून : पायाभरणी

उत्तरपत्रिका तपासण्याचे काम मेच्या आरंभी येईल; ते धरूनही चारपाच आठवडे राहतात. यांत नवा कागद उघडू नये. मोडी वाचनाचा सराव, रुमालांची क्रमवार यादी आणि टिपणाचा एकच नमुना, एवढे सिद्ध करावे. टिपणात रुमाल क्रमांक, कागदाचा प्रकार, मूळ तारीख, इसवी तारीख, गाव, रक्कम आणि सुटीचे कारण अशी सात घरे पुरेत.

तारखेची दोन घरे हवीत, याचे कारण सांगितले पाहिजे. पेशवाईतील कागदांवर सुहूर सन अक्षरांत लिहिलेला असतो. 'इसन्ने तिसैन मया व अलफ' म्हणजे दोन, नव्वद, शंभर व हजार मिळून ११९२. हे साल मृगापासून, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. मृगापासून डिसेंबरअखेरच्या कागदास त्यात ५९९ मिळवावे आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंतच्या कागदास ६००. म्हणजे ११९२ हे साल १७९१ च्या जूनपासून १७९२ च्या जूनपर्यंत आले. सरसकट एकच आकडा मिळविला, तर उन्हाळ्यात दिलेली सूट एक वर्ष अलीकडे सरकते आणि दुष्काळापूर्वीच सूट दिली होती असा विपरीत निष्कर्ष निघतो. मूळ तारीख शेजारी असली की ही चूक पुढे केव्हाही उमगते.

घरातील व्यवस्थाही याच महिन्यात बोलून घ्यावी. रजा म्हटली की घरी असणे, असा अर्थ सर्वांच्या मनात असतो आणि तो कोणी बोलून दाखवीत नाही. बाई सोमवार ते गुरुवार पुण्यास मावससासूबाईंकडे राहणार, शुक्रवारी परतणार आणि शनिवारी दुपारपर्यंत टिपणे लावीत बसणार, हे मामंजींस व सासूबाईंस आधी सांगावे. मुलांचा अभ्यास कोण घेणार आणि जाऊबाईंवर जे अधिक पडेल त्याची भरपाई कशी होणार, हेही तेव्हाच ठरावे. त्याच दिनदर्शिकेत घरची लग्नकार्ये व मुंज नोंदवावी.

जून ते नोव्हेंबर : दफ्तरातील दिवस

जून व जुलै हे दोन महिने १६ रुमाल चाळण्याचे. ज्या कागदावर काम करावयाचे त्याची खूण यादीत करावी, पण मोह झाला तरी पुरे लिप्यंतर तेव्हा करू नये. एकाच रसाळ तंट्याच्या कागदात तीन दिवस गेलेले अनेकांनी पाहिले आहेत. जुलैच्या अखेरीस आपला वेग पुन्हा मोजावा. नोव्हेंबरात ठरविलेल्या ६० ऐवजी ४५ च कागद होत असतील, तर २७ ऐवजी ३६ दिवस लागतील. ते नऊ दिवस लिप्यंतरातून वजा करून, कोणती गावे गाळावयाची हे मार्गदर्शकांस विचारून ठरवावे.

ऑगस्ट व सप्टेंबरात लिप्यंतर. याच सप्टेंबरात एक गोष्ट करावी, जी बहुतेक जण पुढे ढकलतात : जमलेल्या कागदांवरून एका प्रकरणाची पंधरा पाने लिहून काढावी. कागद पुरते जमले नाहीत, हे खरे. पण लिहावयास बसले म्हणजेच काय कमी आहे ते कळते. पंधरा पानांत बाईंच्या लक्षात येईल की, सूट मागणारे अर्ज पुष्कळ आहेत, पण प्रत्यक्ष किती सूट बसली ते दाखविणारे हिशेब थोडेच आहेत. असे सप्टेंबरात दिसले, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोजकीर्दी व प्रांत अजमास यांकडे वळता येते. मार्चमध्ये दिसले, तर फार थोडे करता येते.

दिवाळीचे आठ दिवस खुशाल घरी काढावे. ते हिशेबात धरलेलेच आहेत. ३० नोव्हेंबरला मुख्य वाचन थांबवावे. दफ्तर कधीच संपत नाही, थांबावे आपणच लागते.

डिसेंबर व जानेवारी : अहवालाची तारीख

रजेचे सहा महिने १४ डिसेंबरला पुरे होतात. या सहामाहीचा प्रगतीचा अहवाल मार्गदर्शकांच्या सहीने एक महिन्याच्या आत, म्हणजे १४ जानेवारीपर्यंत कार्यालयात पोहोचावा लागतो. संक्रांतीच्या आधी अहवाल, अशी खूण मनात ठेवावी. तो वेळेवर आला नाही, तर येईपर्यंत वेतन रोखून ठेवता येते. आणि महिन्याच्या शेवटी वेतन जमा झाले नाही की घरात प्रथम काळजी व मग चर्चा सुरू होते. मार्गदर्शक नाताळात बाहेरगावी असतात, म्हणून सही २० डिसेंबरपूर्वी घ्यावी. अहवालात अर्जातील हेतू शब्दशः वर लिहून त्याखाली किती कागद पाहिले, किती उतरविले व किती पाने लिहिली, असे आकडे द्यावे.

डिसेंबराचा उरलेला काळ टिपणे गाववार व सालवार लावण्यात जावा. जानेवारीत लेखनास आरंभ करून, राहिलेल्या शंकांसाठी दफ्तरात दहा दिवस राखून ठेवावे.

जानेवारी ते एप्रिल : लेखन

प्रबंधाची पाच प्रकरणे धरू. आरंभ पहिल्या प्रकरणाने करू नये. प्रस्तावना शेवटी लिहिल्यास ती खरी उतरते. जानेवारीत १७९१-९२ च्या दुष्काळाचे प्रकरण, फेब्रुवारीत १८०३-०४ चे, मार्चमध्ये दोहोंची तुलना, एप्रिलमध्ये साधनांविषयीचे पहिले प्रकरण व उपसंहार. प्रत्येक प्रकरण महिनाअखेरीस मार्गदर्शकांच्या हाती द्यावे. त्यांस वाचावयास तीन आठवडे लागतात असे धरले, तर जानेवारीचे प्रकरण फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात परत येते आणि त्यावरील सूचना मार्चच्या लेखनास उपयोगी पडतात. पाचही प्रकरणे मेमध्ये एकदम दिली, तर ती रजा संपल्यावरच परत येतील.

काम मागे पडत आहे हे कशावरून ओळखावे? फेब्रुवारीच्या अखेरीस दोन प्रकरणे मार्गदर्शकांकडे गेलेली नसतील, तर मागे पडले आहे. तेव्हा तुलनेचे प्रकरण आटोपशीर करावे. आणि आखणीत मोठा फेर करावा लागणार असेल, तर त्याच महिन्यात संस्थेची लेखी परवानगी मागावी. जूनमध्ये सांगितलेली अडचण सबब ठरते, मार्चमध्ये सांगितलेली अडचण ऐकून घेतली जाते.

एप्रिलच्या आरंभी विभागप्रमुखांस एक पत्र अवश्य जावे. परतल्यावरच्या वर्षाचे वेळापत्रक तेव्हाच आकार घेत असते. आपण कोणते विषय घेणार हे कळविले नाही, तर इतरांनी नको म्हटलेले विषय आपल्या वाट्यास येतात.

मे व जून : परतणे

मे महिना संदर्भ तपासणे, सूची करणे आणि प्रबंधपूर्व सादरीकरणाची तारीख मागणे यांचा. संशोधन सल्लागार समितीपुढे हे सादरीकरण झाल्यावाचून प्रबंध दाखल होत नाही. मजकुराचे साम्य तपासण्याचा दाखलाही लागतो. आयोगाच्या २०१८ सालच्या यासंबंधीच्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले आहे. उतारे कोठून घेतले हे टिपणात असले, की त्याचे भय नाही.

१ जूनला कार्यालयास पत्र द्यावे की, मी १५ जून रोजी रुजू होत आहे. तो दिवस रविवार अगर सुट्टीचा येत असेल, तर कोणत्या दिवशी रुजू व्हावयाचे हे लेखी विचारून घ्यावे. त्या दिवशी रुजू झाल्याचा अहवाल देऊन त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा, कारण बंधपत्राची तीन वर्षे याच तारखेपासून मोजली जातात. त्याच आठवड्यात ३० एप्रिलची यादी काढून, सोपविलेले सर्व परत ताब्यात घ्यावे. दुसऱ्या सहामाहीचा अहवाल १४ जुलैपर्यंत जावा आणि रजेतील सर्व कामाचा सविस्तर वृत्तांत त्यासोबतच द्यावा म्हणजे दोन हेलपाटे वाचतात.

असो. ज्यांस येत्या जूनमध्ये रजेवर जावयाचे असेल, त्यांनी मंजुरीपत्र, बंधपत्र, दोन अहवालांच्या प्रती, सोपविण्याची यादी आणि रुजू झाल्याचा कागद असे सहाही कागद एकाच फायलीत घालून, तीन वर्षे पुरी होईपर्यंत घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावे. जामीन राहिलेल्या दोघा सहकाऱ्यांसही त्यांच्या प्रती द्याव्या. ते ज्या दिवशी मोकळे होतील, त्या दिवशीच आपली रजा खऱ्या अर्थाने संपते.